फ्लशच्या बटणाखाली लपलेली रिंग

कमोडमागील पाण्याच्या टाकीचे झाकण उचलता येत नाही, ही तक्रार अलीकडे फार ऐकू येते. जुन्या टाकीला बाजूस दांडी असे. दांडी दाबली की आतील साखळी ओढली जाई, आणि झाकण मात्र टाकीवर नुसते ठेवलेले असे. केव्हाही दोन हातांनी उचलावे, आत पाहावे, पुन्हा ठेवावे. आताच्या टाकीचे बटण झाकणाच्या मधोमध असते आणि झाकण जणू टाकीला चिकटवून टाकले आहे असे वाटते. वर एकही स्क्रू दिसत नाही. बाजूला फट नाही, खाच नाही. मग कोणी झाकणाखाली पेचकस घालून ते उचकटू पाहतो, आणि चिनी मातीचा टवका उडतो.

त्या झाकणाला धरून ठेवणारी वस्तू बहुधा एकच असते. ती म्हणजे बटणाच्या टिकल्यांखाली दडलेली प्लॅस्टिकची एक आटे असलेली रिंग. ती कोठे आहे, कोणत्या दिशेने फिरते आणि कशाने फिरवावी, एवढे कळले की पाच मिनिटांचे काम आहे. आजचे सदर त्या रिंगेपुरतेच आहे.

दोन बटणांची ही पद्धत तशी जुनी नाही. ऑस्ट्रेलियातील करोमा या कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये अशी टाकी आखली. मोठ्या बटणाला ११ लिटर आणि लहान बटणाला साडेपाच लिटर पाणी जाई. आता आपल्या बाजारात मिळणाऱ्या टाक्यांत हेच प्रमाण साधारणपणे ६ आणि ३ लिटर असते. पाणी वाचले हे खरे, परंतु दांडी गेली आणि बटण झाकणात आले, त्यामुळे झाकण हा यंत्राचाच एक भाग होऊन बसला. बटण दाबताना झाकण हलू नये म्हणून ते आतील यंत्राशी जखडावे लागले, आणि तेही दिसायला गुळगुळीत हवे म्हणून जखडणारी रिंग झाकावी लागली.

रचना नीट डोळ्यांपुढे आणावी. टाकीच्या तळाशी मध्यभागी एक उभा प्लॅस्टिकचा मनोरा असतो. त्याच्या बुडाशी रबरी वॉशर असतो. तो उचलला की पाणी कमोडमध्ये उतरते, खाली बसला की अडते. मनोऱ्याच्या डोक्यावर दोन लहान दट्टे असतात, एक अर्ध्या फ्लशचा, एक पूर्ण फ्लशचा. आपण ज्या टाकीविषयी बोलत आहोत तिच्यात मनोऱ्याच्या डोक्यावर एक आटे असलेली नळी असते. झाकणाच्या भोकातून तिचे तोंड वर येते. त्या तोंडावर वरून रिंग आवळली की झाकण रिंग आणि मनोरा यांच्यामध्ये धरले जाते. मग त्यावर चकचकीत टिकल्यांचा संच बसवतात. संचाच्या पोटाशी दोन पिना असतात. त्या खालच्या दोन दट्ट्यांवर टेकतात. टिकल्यांचा हा संच केवळ खटक्याने अडकलेला असतो. म्हणजे झाकणाचे कुलूप रिंग, आणि त्या कुलपावरचे झाकण टिकल्या.

सगळ्याच टाक्या अशा नसतात, म्हणून हात घालण्यापूर्वी आपली टाकी कोणत्या जातीची हे ओळखावे लागते, आणि ते बोटानेच ओळखता येते. प्रथम हात पूर्ण कोरडे करावेत किंवा रबरी हातमोजा घालावा, बटणाभोवतीचे चकचकीत कडे पकडावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळूच फिरवून पाहावे. ते फिरू लागले आणि फिरता फिरता वर येऊ लागले, तर तुमची टाकी सर्वांत सोपी. कडेच सरळ आट्यांतून उलगडून निघते, रिंग शोधण्याचे कारणच नाही. कडे मुळीच हलत नसेल, तर लहान टिकली बोटाने तळापर्यंत दाबून धरावी आणि मोठ्या टिकलीच्या उघड्या पडलेल्या कडेशी टॉर्चचा उजेड टाकावा. तेथे स्क्रूचे डोके दिसले तर तो सोडवावा. स्क्रू दिसला नाही आणि टिकलीच्या कडेखाली बारीक खाच किंवा फट दिसली, तर टिकल्या खटक्याच्या आहेत आणि त्यांच्याखाली रिंग आहे असे समजावे. भिंतीत गाडलेल्या टाकीची पाटी हा प्रकारच निराळा. तिच्याबद्दल येथे लिहीत नाही.

तिसरी एक शक्यता आहे आणि तीच लोकांना सर्वांत अधिक छळते. कडे फिरते, फिरतच राहते, पण केसभरही वर येत नाही. येथे रिंग टिकल्यांखाली नसून झाकणाच्या खालच्या अंगाला आहे आणि ती कड्याबरोबरच गोल फिरते आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

आता मुख्य कामाकडे वळू. या कामात शक्तीला जवळजवळ काही काम नाही, क्रमाला मात्र आहे. प्रथम टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा. कित्येक घरांत हा कॉक टाकी बसवल्यापासून कोणी फिरवलेला नसतो आणि क्षाराने घट्ट धरलेला असतो. तो हाताने फिरत नसेल तर पान्हा लावून त्याच्याशी झगडू नये; जुना कॉक भिंतीतल्या आट्यांतच मोडला तर झाकण राहील बाजूला आणि घरात पाणी होईल. अशा वेळी त्या न्हाणीघराचा किंवा गच्चीवरील टाकीचा वॉल्व्ह बंद करावा. नंतर कमोडचे झाकण मिटावे, कारण या कामात पडणारी प्रत्येक वस्तू नेमकी तेथेच पडते. जमिनीवर एक जुनी गोधडी किंवा जाड टॉवेल पसरून ठेवावा. टाकीचे झाकण निघाल्यावर ओल्या फरशीवर टेकवायचे नाही.

टिकल्या काढण्यापूर्वी एक खूण करून ठेवावी. लहान टिकली कोणत्या बाजूला आहे, भिंतीकडे की आपल्याकडे, डावीकडे की उजवीकडे, ते लक्षात ठेवण्यासाठी झाकणावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा. परत बसवताना संच अर्धा फिरवून बसला तर लहान बटणाने पूर्ण टाकी रिकामी होते आणि मोठ्याने अर्धी, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खटक्याच्या टिकल्या काढण्याचे उत्तम साधन म्हणजे जुने प्लॅस्टिकचे कार्ड. मोठी टिकली दाबून धरावी, म्हणजे लहान टिकलीची कड उघडी पडते. तेथे कार्डाचा कोपरा सरकवून हलकेच वर उचलावे. काही संचांत प्रथम लहान टिकली निघते व मग मोठी, काहींत दोन्ही एकत्र सबंध निघतात. लोखंडी पेचकस वापरायचाच झाला तर त्याच्या टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. या टिकल्या दिसायला पोलादी असल्या तरी आत प्लॅस्टिक असते, वर चमकीचा पातळ मुलामा. एकदा ओरखडा गेला की तेथून मुलामा सोलत जातो आणि त्याची धार बोटाला लागते. टिकली निघताना टक् असा आवाज येतो. तो मोडण्याचा नसतो, खटका सुटल्याचा असतो, हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर नेमक्या त्या क्षणी हात थबकतो.

टिकल्यांच्या खाली डोकावले की पांढरी किंवा करडी प्लॅस्टिकची रिंग दिसते. तिच्या आतल्या कडेला समोरासमोर दोन खाचा किंवा दोन उंचवटे असतात. बोटांची पेरे त्यांच्यावर टेकवून उलट दिशेने फिरवल्यास बहुतेक वेळा ती सुटते. सुटली नाही तर नोज प्लायरची दोन टोके उघडून दोन खाचांत बसवावी व पकड सावकाश फिरवावी. जोर दोन्ही खाचांवर सारखा पडला पाहिजे. एकाच खाचेत पेचकस लावून हातोडीने टोले देण्याची पद्धत काही मिस्त्रींची आहे, ती घरात चालू देऊ नये. रिंग तुटेल ते चालेल, ती स्वतंत्र मिळते. पण तिच्याखालची नळी मनोऱ्याचा भाग असते, आणि टोल्याचा हादरा झाकणाच्या भोकाच्या काठाला बसतो. चिनी मातीचे झाकण मधोमध भोक असल्यामुळे तेथेच सर्वांत दुबळे असते. आणि झाकण स्वतंत्र मिळणे फार कठीण. त्याच कारखान्याचे, त्याच नमुन्याचे, त्याच रंगछटेचे झाकण शोधत फिरणाऱ्या गृहस्थाला शेवटी पूर्ण टाकीच घ्यावी लागते.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असलेल्या गावांत रिंग आवळलेली नसते, क्षाराने जखडलेली असते. आट्यांत पांढरी पुटे दिसली तर जोर करण्याऐवजी वाट पाहावी. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल एक चमचा घेऊन अर्ध्या पेल्या कोमट पाण्यात विरघळवावे, त्यात सुती चिंधी भिजवून रिंगेवर गोल बसवावी आणि अर्धा-पाऊण तास सोडून द्यावी. क्षार विरघळताना बारीक बुडबुडे दिसतात. पुन्हा एकदा तसेच केल्यावर बहुतेक रिंगा फिरतात. शौचालय धुण्याचे तीव्र ॲसिड येथे मुळीच ओतू नये. ते टिकल्यांचा मुलामा खाते, आतील स्प्रिंग गंजवते, आणि बंद न्हाणीघरात त्याची वाफ घशाला लागते.

रिंग निघाली की ती खिशात टाकावी, टाकीच्या काठावर ठेवू नये. मग झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचलावे, तिरपे नव्हे, कारण मनोऱ्याची नळी भोकातून अजून वर आलेली असते. चार बोटे उचलल्यावर क्षणभर थांबून खाली पाहावे. काही टाक्यांत बटणापासून मनोऱ्यापर्यंत तार किंवा दोन बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्या दिसल्या तर झाकण तसेच धरून दुसऱ्या कोणाला त्या सोडवायला सांगावे. हिसका दिला तर तार मनोऱ्याला घेऊनच वर येते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. जयसिंगपूरच्या एका अडत व्यापाऱ्यांचे घर, खाली पेढी आणि वर राहणे. वरच्या मजल्यावरील टाकीतून दिवसातून अनेकदा, कोणी न वापरताही, सुस्स असा पाणी भरल्याचा आवाज येई. रात्री तो विशेष ऐकू येई. दोन महिन्यांपूर्वीच मिस्त्रीने आतील मनोरा बदलून नवा बसवला होता, त्यामुळे वॉशर खराब असेल असे कोणास वाटत नव्हते. मिस्त्री पुन्हा येईना. झाकण निघेना. घरातील सूनबाईंनी मला दूरध्वनी केला आणि एका रविवारी आम्ही ते काम केले. म्हणजे काम त्यांनी केले, मी बाजूला स्टुलावर बसून बोललो.

झाकण न उघडता गळती पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. फ्लश केल्यावर अर्धा तास थांबावे, कमोडच्या आतील मागची भिंत कोरडी पुसावी आणि तिच्यावर पातळ कागदी रुमाल चिकटवावा. पंधरा मिनिटांनी तो वरून खाली ओला होत आला असेल तर टाकीतून पाणी झिरपते आहे. येथे कागद सात-आठ मिनिटांतच भिजला. त्यानंतर सूनबाईंनी कार्डाने टिकल्यांचा संच काढला, रिंगेला अजून हातही लावला नव्हता, आणि मी त्यांना नवा कागद लावायला सांगितले. अँगल कॉक त्या वेळी मुद्दाम उघडा ठेवला होता आणि टाकी भरलेली होती. पंधरा मिनिटे गेली, वीस गेली, कागद कोरडाच. गळती थांबली होती.

“म्हणजे टिकल्या काढल्या की बरे, लावल्या की आजार?” सूनबाईंनी विचारले.

हा प्रश्नच निदान होता. टिकल्या नसताना गळत नाही आणि असताना गळते, याचा अर्थ वॉशर निर्दोष आहे. संचाच्या पोटातील पिना खालच्या दट्ट्यांवर सतत टेकून त्यांना किंचित दाबून ठेवत आहेत. नवा मनोरा जुन्यापेक्षा काही मिलीमीटर उंच होता. मिस्त्रीने मनोरा बदलला, टिकल्या जुन्याच बसवल्या, पिनांची लांबी मात्र तशीच राहू दिली. दट्टा केसभर दबलेला राहिला की वॉशर केसभर उचललेला राहतो. उलट, टिकल्या काढूनही कागद भिजला असता, तर दोष वॉशरमध्ये किंवा तो ज्या काठावर बसतो तेथील क्षारात शोधावा लागला असता. आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे भरणारा वॉल्व्ह वेळेवर बंद न होणे. तेव्हा पाणी मनोऱ्यातील जास्तीच्या पाण्याच्या नळीवरून सांडते. ते मात्र झाकण उघडल्यावर डोळ्यांनी दिसते, कागदाची गरज नाही.

आता रिंग काढण्याची गरज नव्हती असे कोणी म्हणेल. पण मनोरा नीट सरळ बसला आहे का आणि पाण्याची पातळी योग्य आहे का, हे पाहिल्याशिवाय पिनांना हात लावणे मला पटेना. अँगल कॉक बंद केला. रिंग घट्ट होती, पुटे दिसत होती; लिंबूफुलाच्या चिंधीने दोन फेऱ्यांत काम झाले. झाकण गोधडीवर गेले. पाणी जास्तीच्या नळीच्या तोंडाच्या दोन बोटे खाली होते, हे ठीक. मनोरा सरळ होता.

तेवढ्यात घरातील ज्येष्ठ, सर्व जण ज्यांना अण्णा म्हणतात, ते दारात येऊन उभे राहिले. “किती गेले ते सांगा,” ते म्हणाले. व्यापाऱ्याला गळतीचे नाव पुरत नाही, आकडा लागतो.

“अण्णा, आता ते कसे मोजणार? गेले ते गेले,” सूनबाई म्हणाल्या.

“पोरी, तूट मोजल्याशिवाय वही बंद करता येत नाही.”

मोजता येत होते. टाकीची आतली लांबी ३० सेंटीमीटर आणि रुंदी १५ सेंटीमीटर भरली. म्हणजे पाणी एक सेंटीमीटर उतरले की ४५० घनसेंटीमीटर, सुमारे अर्धा लिटरला थोडे कमी, पाणी गेले असे होते. पातळीवर आतल्या बाजूस पेन्सिलीची रेघ मारली. झाकण, रिंग आणि टिकल्या पूर्वीसारख्याच बसवल्या, अँगल कॉक बंदच ठेवला आणि तासभर कोणी आत जायचे नाही असे ठरले. तासाने उघडले तेव्हा पाणी रेघेच्या तीन सेंटीमीटर खाली होते. तासाला १३५० मिलीलिटर. दिवसाला ३२ लिटरांहून थोडे अधिक. अण्णांनी तेथेच साठ दिवसांचा गुणाकार केला. उत्तर १९४४ लिटर आले. त्यांनी ते मोठ्याने म्हटले नाही, कागदावर लिहून मिस्त्रीच्या नावापुढे ठेवले असावे.

पुढची दुरुस्ती क्षुल्लक म्हणावी अशी होती. टिकल्यांचा संच उलटा धरला की दोन्ही पिना स्वतःच्या आट्यांवर बसलेल्या दिसतात. त्या आत फिरवल्या की आखूड होतात, बाहेर फिरवल्या की लांब. दोन्ही पिना दोन-दोन फेरे आत घेतल्या आणि संच बसवून पाहिला. टिकलीवर बोट ठेवले असता तिने प्रथम दोन-तीन मिलीमीटर रिकामे खाली जावे आणि मग खाली दट्टा लागल्याचे बोटाला जाणवावे, हे योग्य लांबीचे माप. त्या रिकाम्या चालीवाचून थेट दट्टा लागत असेल तर पीन अजून लांब आहे. उलट टिकली जवळजवळ तळाला जाईपर्यंत काहीच लागत नसेल, तर पीन फार आखूड झाली. मग फ्लश अपुरा होतो, लोक दोनदा बटण दाबतात आणि वाचवलेले पाणी तेथे जाते. या घरात मोठ्या बटणाची पीन बरोबर बसली, लहान बटणाची मात्र अजून एक फेरा आत घ्यावी लागली. पुन्हा कागद लावला. अर्ध्या तासानेही कोरडा होता.

परत बसवताना रिंग किती आवळावी, हा प्रश्न सूनबाईंनी विचारला आणि तो योग्य होता. बोटांनी फिरवून ती अडली की तेथून अंदाजे अष्टमांश फेरा, त्यापुढे नाही, आणि पकडीने तर नाहीच. झाकण डावी-उजवीकडे सरकत नाही एवढे पाहावे. अधिक आवळल्याने झाकण अधिक घट्ट बसत नाही. फक्त मातीच्या भोकावर ताण राहतो आणि एखाद्या दिवशी, कोणी हातही लावलेला नसताना, भोकापासून काठापर्यंत तडा जातो. आट्यांना तेल, व्हॅसलीन किंवा ग्रीस लावू नये. असले स्निग्ध पदार्थ पाण्यातून खालच्या रबरी वॉशरपर्यंत पोहोचले तर तो फुगून मऊ पडतो. लावायचेच असेल तर नळाच्या कामासाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतके लावावे. झाकण हलते म्हणून त्याखाली सिमेंट, एम-सीलसारखी पुटी किंवा सिलिकॉन भरणाऱ्यांनी पुढच्या दुरुस्तीच्या वेळी झाकण फोडण्याची सोय आजच करून ठेवलेली असते.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रकार. कडे गोल गोल फिरते आणि वर येत नाही. येथे कड्याची आटे असलेली मान झाकणातून खाली गेलेली असते आणि खालून रिंग तिला धरते. ती सैल झाल्यामुळे कड्यासोबत फिरते. उपाय दोन टप्प्यांत करावा. प्रथम कडे शक्य तितके वर ओढून धरून फिरवावे. वर ओढल्याने खालची रिंग झाकणाच्या पोटाशी घासते, तिला पकड मिळते आणि ती जागेवर थांबते. मग कडे आट्यांतून सुटू लागते. ओढायला कडेला पकड मिळत नसेल तर भिंतीवर खुंटीसाठी लावतात तसली रबरी चोषणीची वाटी ओली करून टिकल्यांवर बसवावी आणि तिने ओढावे. एवढ्याने जमले नाही तर झाकण एका बाजूने जितके निर्धोक उचलेल तितके, बहुधा दीड-दोन सेंटीमीटर, उचलावे. तेथून दोन बोटे आत घालून खालची रिंग धरावी आणि दुसऱ्याने वरून कडे फिरवावे. हे काम दोघांचे आहे. एकाने एका हाताने झाकण तोलत दुसऱ्याने बोटे आत घालायची हे करू नये. झाकण वजनदार असते आणि सुटले तर बोटांवरच येते.

तरीही सुटली नाही, आणि आत काम करणे आवश्यकच असेल, तर शेवटचा मार्ग कड्याची मान कापण्याचा. हॅक्सॉचे नुसते पाते, एका टोकाला कापड गुंडाळून, कड्याच्या खाली आणि झाकणाच्या वर असलेल्या फटीत सरकवावे. झाकणाच्या चकाकीवर आधी चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यावेत. प्लॅस्टिक मऊ असते, दहा मिनिटांत मान कापली जाते. बटणांचा संच मग नवा घ्यावा लागतो, परंतु तो स्वतंत्र मिळतो. दुकानात जाताना कापलेला जुना संच बरोबर न्यावा, झाकणातील भोकाचा व्यास आणि झाकणाची जाडी मोजून लिहून न्यावी. भोके वेगवेगळ्या मापांची असतात. डोळ्यांना सारखे वाटणारे बटण दोन मिलीमीटरने अडते, आणि मान आखूड निघाली तर खालच्या रिंगेला धरायला आटेच उरत नाहीत.

एका बाबतीत मात्र घरच्या माणसाने हात आवरावा. झाकणावर भोकापासून निघालेली केसासारखी रेघ आधीच दिसत असेल, तर ती घाण आहे की तडा हे ओल्या बोटाने पुसून पाहावे. पुसली गेली नाही, नखाला लागली, तर तो तडा आहे. असे झाकण फिरवण्याच्या पहिल्याच जोराला दोन तुकडे होते आणि त्या तुकड्यांची धार काचेहून कमी नसते. तेथे प्रथम नवीन टाकीची किंमत विचारून घ्यावी, मग जुनीला हात लावावा.

जयसिंगपूरच्या घरी काम संपले तेव्हा खालून पेढीवरचा मुलगा चहा घेऊन आला. सूनबाईंनी चिकटपट्टीची खूण अजून काढलेली नव्हती. “असू दे तेथेच,” अण्णा म्हणाले, “पुढच्या मिस्त्रीला दिसेल.” तिच्याखाली त्यांनी बारीक अक्षरांत पिनांचे फेरे लिहून ठेवले आहेत, मोठी २, लहान ३.